एक बिघाड, एक कर्ज, चार माणसे: अवकाशातल्या तस्करांची कथा कशी रचावी

अवकाशातील साहसकथा लिहायला घेणाऱ्या नवोदितांच्या मनात बहुधा एकच चित्र आधी उभे राहते: जुनाट यान, त्यात चोरटा माल, बंद पडलेले इंजिन, मागे लागलेला सावकार आणि या सगळ्या धबडग्यात एकमेकांना टोमणे मारणारी चार-पाच माणसे. या चित्रात भरपूर कथा दडलेली आहे. परंतु लिहून झालेल्या मसुद्यांत पुष्कळदा असे आढळते की इंजिन पहिल्या प्रकरणात बिघडते, कर्ज तिसऱ्या प्रकरणात आठवते आणि थट्टामस्करी या दोहोंमधली मोकळी जागा भरण्यापुरती येते. तिन्ही गोष्टी असतात, पण एकीचा दुसरीला धक्का लागत नाही. या लेखात मी एकच मुद्दा मांडणार आहे आणि तो एका उदाहरणावर टप्प्याटप्प्याने करून दाखवणार आहे: बिघाड आणि कर्ज ही दोन्ही टोळीने पूर्वी घेतलेल्या एकाच निर्णयातून निघालेली असावीत, आणि थट्टा त्याच निर्णयाभोवती घोटाळत राहावी. असे झाले म्हणजे माणसांमधला जिव्हाळा वेगळा सांगावा लागत नाही.

उदाहरणासाठी आपण ‘घोरपड’ नावाचे एक मालवाहू यान घेऊ. त्याची प्रमुख तांडेल रखमा आहे. इंजिन सांभाळणारे गृहस्थ तिच्या दिवंगत थोरल्या बहिणीचे यजमान आहेत आणि यानावर सगळे त्यांना दाजी म्हणतात. यान चालवतो तो बावीस वर्षांचा गौऱ्या. चौथा माणूस सबनीस हा टोळीचा नाही. तो का आला हे कर्जाच्या टप्प्यावर कळेल. माल आहे बियाण्यांचा. ज्या वसाहतीत एकाच कंपनीचे बियाणे विकण्याची परवानगी आहे, तेथे दुसरे बियाणे चोरून न्यायचे, एवढा साधा हा धंदा आहे, आणि बियाणे थंड ठेवावे लागते ही त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट आहे.

पहिला टप्पा: नेमके काय बिघडले ते ठरवा

‘इंजिन बंद पडले’ हे वाक्य कथेच्या उपयोगाचे नाही, कारण त्यापुढे पात्रांना करण्यासारखे काही उरत नाही. एकतर ते सुरू होईल नाहीतर सगळे मरतील. ज्या बिघाडामुळे यान अर्धवट चालत राहते आणि काय चालू ठेवायचे व काय बंद करायचे याचा निवाडा माणसांना रोज करावा लागतो, तो बिघाड निवडावा. माझ्या मते त्यासाठी शीतकरणाच्या बिघाडासारखा दुसरा बिघाड नाही.

कारण असे की अवकाशात हवा नसते, त्यामुळे तापलेली वस्तू वाऱ्याने निवत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचा एकच टिकाऊ मार्ग उरतो, तो म्हणजे प्रारण. इंजिनाची उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या द्रवाने उचलायची, ती यानाबाहेर पसरलेल्या मोठ्या पंखांसारख्या पत्र्यांपर्यंत न्यायची आणि तेथून ती अवकाशात फेकली जाऊ द्यायची. हा द्रव फिरवणारा पंप थांबला, तर इंजिन धडधाकट असूनही चालवता येत नाही, कारण ते स्वतःच्याच उष्णतेने वितळेल.

हे कल्पनेतले संकट नव्हे. ३१ जुलै २०१० रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरील दोन शीतकरण वलयांपैकी एकाचा अमोनिया फिरवणारा पंप बंद पडला आणि स्थानकाची निम्मी शीतकरण क्षमता गेली. तेथील मंडळींना अनेक उपकरणे बंद करावी लागली, जेणेकरून उरलेल्या वलयावर झेपेल एवढाच भार राहावा. ७ ऑगस्टला डग व्हीलॉक आणि ट्रेसी कॅल्डवेल डायसन हे दोघे दुरुस्तीसाठी बाहेर गेले, पण पंपाला जोडलेल्या नळीची एक जोडणी घट्ट बसलेली होती, ती सुटेना आणि तिच्यातून अमोनिया गळू लागला. काम त्या दिवशी पुरे झाले नाही. आणखी दोनदा बाहेर जावे लागले आणि १६ ऑगस्टला नवा पंप बसला. नवोदिताने हा प्रसंग कथाकाराच्या नजरेने पाहावा. अर्धे घर चालू ठेवण्यासाठी अर्धे घर अंधारात ठेवणे, पहिल्या प्रयत्नाला दाद न देणारी एक क्षुल्लक जोडणी, आणि अंगावर उडालेल्या विषारी द्रवाचा अंश पूर्ण उडून जाईपर्यंत माणसाला आत घेता न येण्याची अडचण: हे सगळे साहित्य येथे आयते मिळते. फरक एवढाच की स्थानकावर सुटा पंप राखून ठेवलेला होता. घोरपडीवर तो नाही, आणि तो का नाही यातच आपली कथा आहे.

तेव्हा घोरपडीचा बिघाड असा ठरवू. इंजिन थंड ठेवणाऱ्या दोन पंपांपैकी एक जळाला आहे, म्हणून इंजिन अर्ध्या जोरावरच चालवता येते. तेवढा जोर टिकवायचा तर माणसांच्या खोल्या थंड ठेवणारे तिसरे लहान वलय इंजिनाकडे वळवावे लागते. ते वळवले की खोल्यांचे तापमान बेचाळीस अंशांवर जाते. बियाण्यांच्या कोठाराला स्वतःचे शीतकरण आहे. त्याला हात लावला तर माल सडेल. परिणामी सबंध यानात बसण्याजोगी जागा एकच उरते, ती म्हणजे पोत्यांनी भरलेले कोठार. बिघाडाने आपली माणसे एका खोलीत आणून बसवली. लेखकाला याहून अधिक काय हवे?

दुसरा टप्पा: कर्जाचा कागद वाचता येईल इतका स्पष्ट करा

सावकार क्रूर आहे, त्याचे गुंड दार ठोठावतात, असे लिहिण्याने कर्जाचे वजन जाणवत नाही. वजन जाणवते ते अटींमुळे. येथे समुद्री व्यापाराचा इतिहास फार कामी येतो, कारण जहाज तारण ठेवून कर्ज देण्याची रीत प्राचीन आहे आणि तिच्यात एक विलक्षण अट असे: जहाज प्रवासात बुडाले, तर कर्जही बुडाले. धोका सावकाराचा, म्हणून व्याज जबर. अथेन्समधील इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या एका करारात एका फेरीसाठी हजारी २२५ एवढे व्याज होते, आणि परतीला उशीर होऊन वादळी ऋतू गाठला गेला तर ते हजारी ३०० होणार होते. उशीर म्हणजे अधिक धोका आणि म्हणून अधिक व्याज, हा हिशेब तेव्हाच मांडलेला होता.

अशा अटीतून लबाडीही जन्माला येते. त्याच काळातील एका खटल्यात हेगेस्ट्राटोस नावाच्या माणसाची हकीकत आहे. कर्ज बुडवण्यासाठी त्याने भर समुद्रात रात्री जहाजाच्या तळाला भोक पाडायला घेतले, प्रवाशांनी त्याला पकडले, तो पळून समुद्रात उडी मारताना होडी चुकला आणि बुडून मेला. सावकाराला या लबाडीची धास्ती असणारच. म्हणून आपल्या कथेतील सावकाराने घोरपडीवर आपला एक कारकून बसवला आहे, आणि तो म्हणजे सबनीस. यान खरोखर संकटात आहे की कर्ज बुडवण्यासाठी संकट रचले आहे, हे पाहून वहीत नोंदवणे एवढेच त्याचे काम. आता बघा, पंप जळाला त्या क्षणी सबनिसाला पहिला संशय काय येईल? बिघाड आणि कर्ज यांची गाठ येथे पडली.

आकडे थोडे ठेवावेत, पण पक्के ठेवावेत. रखमाने ४०,००० नाणी घेतली आहेत. बारा दिवसांत माल पोचला तर शेकडा २५ व्याजाने ५०,००० देणे होते. बारा दिवस उलटले तर शेकडा ३५ व्याजाने ५४,०००. बियाणे घेणारा ५२,००० देणार आहे. म्हणजे वेळेवर पोचल्यास दोन हजार शिलकीत, उशीर झाल्यास दोन हजारांनी खोट आणि यान जप्त. दोन हजारांवर सगळे लटकले आहे, हे वाचकाला बोटांवर मोजता येते.

प्रवासाचा हिशेबही असाच करून घ्यावा. समजा, यान अर्ध्या वाटेपर्यंत सतत वेग वाढवते आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत तो सतत कमी करते, आणि पूर्ण जोरावर याला आठ दिवस लागतात. जोर निम्मा झाला तर वेळ दुप्पट होईल असे नवोदित हमखास लिहितो. प्रत्यक्षात तो दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४१ पट वाढतो. आठाचे सव्वाअकरा दिवसांहून थोडे अधिक होतात. बारा दिवसांच्या मुदतीत जेमतेम सोळा तास उरतात. जोर आणखी निम्मा झाला, तर मात्र प्रवास थेट सोळा दिवसांवर जातो. तेव्हा अर्धा जोर काहीही करून टिकवायचा, ही टोळीची रोजची लढाई ठरली आणि ती आपण आकड्यांच्या बळावर ठरवली.

तिसरा टप्पा: दोन्हींच्या मुळाशी असलेला निर्णय शोधा

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: कर्ज कशासाठी काढले? येथे बहुतेक मसुदे ‘मागच्या फेरीत तोटा झाला’ असे सांगून पुढे जातात आणि हातची कथा घालवतात. घोरपडीपुरते उत्तर असे देऊ. मागच्या बंदरात गौऱ्या चोरट्या मालासह पकडला गेला. त्याला सोडवण्याचा दंड होता ३८,०००. त्याच बंदरात शीतकरणाचा नवा पंप मिळत होता १९,००० ला, आणि जुन्या पंपाचा आवाज बदलला आहे हे दाजींना ठाऊक होते. कर्जाचा पैसा दंडात गेला, उरलेले दोन हजार इंधनात गेले, पंप राहिला.

या एका निर्णयाने तीन गोष्टी साधल्या. पंप का जळाला याचे कारण मिळाले, कर्ज का झाले याचे कारण मिळाले, आणि या दोन्ही कारणांचे नाव गौऱ्या आहे. तो रोज त्या उकाड्यात बसतो आणि हा उकाडा आपल्यामुळे आहे हे त्याला माहीत आहे. यापुढे कोणीही पंपाविषयी बोलले, तरी ते गौऱ्याविषयी बोलणे होते.

यात आणखी एक पदर घालावा: कोणाला काय माहीत आहे याची वाटणी सारखी नसावी. गौऱ्याची समजूत अशी आहे की त्याला सोडवायचे रखमाने ठरवले आणि दाजींचा विरोध होता, कारण दाजी स्वतःच उठता-बसता ‘मी पंपच घ्या म्हणालो होतो’ असे सांगतात. खरे तर पोराला आधी सोडवा, पंपाचे मी बघतो, असे म्हणून कर्जाच्या अर्जावर पहिली सही दाजींनीच केली. हे रखमाला माहीत आहे आणि ती गप्प आहे. आणखी एकाला ते माहीत असू शकते, कारण अर्ज त्याच्या वहीत जोडलेला आहे.

चौथा टप्पा: कोण कोणाला काय म्हणतो

मराठीत लिहिणाऱ्याला या टप्प्यावर मोठी सोय आहे आणि ती न वापरणे हे नुकसान आहे. कागदावर चार नावे लिहून प्रत्येक जोडीतील संबोधन आधी ठरवावे. रखमा दाजींना अहो-जाहो करते, कारण नाते तसे आहे. बहीण गेली तरी दाजी हे दाजीच राहिले. दाजी तिला नावाने आणि एकेरीत हाक मारतात, पण इंजिनाच्या कामात तिचा हुकूम मानतात. गौऱ्या रखमाला ‘ताई, तू’ म्हणतो आणि दाजींना ‘तुम्ही’; दाजी हे त्याचे कोणीच लागत नाहीत, तरी तोंडी तेच नाव आहे. सबनीस सर्वांशी ‘आपण’ने बोलतो आणि सगळे त्याला ‘सबनीस साहेब’ म्हणतात. त्यातला साहेब हा शब्द दाराला लावलेल्या कडीचे काम करतो.

संबोधन बदलले की नाते बदलले, हे मराठी वाचकाला न सांगता कळते. म्हणून तो बदल जपून खर्च करावा. चार दिवस एका कोठारात काढले म्हणून सबनीस एकदम एकेरीवर येणार नाही. फार तर त्याच्या नावापुढचा साहेब गळेल. तेवढे पुरते. याच टप्प्यावर, ज्याची कोणीही थट्टा करत नाही असा विषयही ठरवून टाकावा. घोरपडीवर तो म्हणजे रखमाची बहीण. तिचे नाव आले की बोलणे थांबते, आणि इतर वेळी चालणारी थट्टा जाणतेपणाने चाललेली आहे हे त्या थांबण्यावरून समजते.

पाचवा टप्पा: थट्टेला कामाला जुंपा

प्रथम न साधलेला संवाद पाहू, कारण बहुतेकांचा पहिला मसुदा असाच येतो.

“हे इंजिन पुन्हा बिघडलं!”
“तू नेहमी हेच म्हणतोस.”
“कारण ते नेहमीच बिघडतं!”
“मग दुसरं यान शोध की!”

येथे कोण बोलते आहे हे सांगता येत नाही, आणि हेच चार वाक्यांचे संभाषण कोणत्याही ट्रकमध्ये, कोणत्याही कथेत बसवता येते. शिवाय त्या चार वाक्यांत कोणाच्याही हाताला काम नाही. आता घोरपडीच्या पहिल्या दिवशी परत या. गौऱ्या बाहेर जाऊन वलय वळवून आला आहे, पण जोडणी सुटताना त्याच्या पोशाखावर अमोनिया उडाला आहे आणि तो उडून जाईपर्यंत त्याला आत घेता येत नाही. तो पत्र्याला कडी अडकवून उन्हात लटकतो आहे. प्रत्यक्ष जोडणी सोडवताना संवाद तुटक आणि कोरडा ठेवावा. ‘डावीकडे’, ‘थांब’, ‘सुटली’ एवढेच. संकटाच्या ऐन क्षणी विनोद करणारी पात्रे त्या संकटाची धार बोथट करतात. परंतु वाट पाहण्याच्या वेळी थट्टा कामाला येते:

“गौऱ्या, बोलत राहा.”
“काय बोलू?”
“एरवी विचारून बोलतोस का?”
“दाजी, हाताची बोटं गार पडलीत.”
“मग पंपाचे भाग उलटे म्हणून दाखव. चुकलास तर दार उघडणार नाही.”

दाजींना त्याचा श्वास आणि भान तपासायचे आहे. ते चिडवत आहेत असे वरवर दिसते, पण प्रत्येक वाक्याचा हेतू त्याला जागे ठेवण्याचा आहे. थट्टा काढून टाकली तर येथे एक काम अडेल. प्रत्येक विनोदासाठी लेखकाने स्वतःला हाच प्रश्न विचारावा: हे वाक्य काढले तर प्रसंगातले काय अडते?

मुख्य प्रसंग चौथ्या दिवसाचा. चौघेही कोठारात बसले आहेत. दाजींच्या मांडीवर जळालेला पंप उघडून ठेवलेला आहे आणि ते त्यातले वापरता येण्याजोगे भाग वेगळे करत आहेत. सबनीस पोत्यावर वही ठेवून दिवसाची नोंद करतो आहे.

“दाजी, आज किती?”
“बेचाळीस.”
“इंजिनाचं विचारलं.”
“मी माझ्या खोलीचं सांगितलं. इंजिन माझ्यापेक्षा सुखात आहे.”
रखमा पोत्याला टेकून हिशेब करत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुझ्या किमतीत दोन पंप आले असते, गौऱ्या.”
“मग घ्यायचे होते दोन पंप.”
“पंप उलटून बोलत नाहीत. दाजींना करमलं नसतं.”
“मला यात ओढू नका,” दाजी म्हणाले. “मी पंपच घ्या म्हणालो होतो.”
सबनिसाने वहीची पाने मागे उलटली. “क्षमा करा, पण नोंद तशी नाही. कर्जाच्या अर्जावर पहिली सही आपली आहे. ‘कारण’ या रकान्यात, ‘मुलाची सुटका’. तेही आपल्याच हातचं.”
कोणी काही बोलले नाही. गौऱ्याने उठून वही आपल्याकडे वळवली आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले.
“दाजी, अक्षर किती घाण आहे हो तुमचं.”
“हात तेलकट होता.”
“तेलकट हाताने ‘मुलाची’ असं लिहिलंत.”
“फॉर्मात जागा कमी होती. बारा-तेराचा पाना दे इकडे.”
गौऱ्याने पाना दिला आणि खाली बसून पंपाची दुसरी बाजू धरली.
“सबनीस, सरका जरा,” रखमा म्हणाली. “त्या पोत्याखाली चहा आहे.”

आता हा प्रसंग उलगडून पाहू. रखमाच्या ‘दोन पंप’ या वाक्यात कर्ज, बिघाड आणि गौऱ्या हे तिन्ही एकत्र येतात, आणि ३८,००० व १९,००० हे आकडे आधी पेरलेले असल्यामुळेच वाचकाला तो टोमणा तंतोतंत कळतो. आकडे कशाला हवेत असे ज्याला वाटले असेल, त्याने ही जागा पाहावी. त्या टोमण्यात तक्रार नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल खरोखर राग असतो तिचा हिशेब माणूस असा सर्वांदेखत हसत मांडत नाही. तो मनात ठेवतो. पुढच्याच वाक्यात ती दाजींच्या अंगावर मायेचा आळ घेते आणि दाजी तो झटकतात. रहस्य फोडतो तो टोळीबाहेरचा माणूस, आणि तोही प्रेमाने नव्हे, नोंद बरोबर असावी या सवयीने. सावकाराचा कागद हा धमकीचा कागद म्हणून यानावर आला होता. येथे त्याच कागदाने दाजींची लबाडी उघडी पाडली.

गौऱ्या आभार मानत नाही याकडे विशेष लक्ष द्यावे. ‘तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत’ असे त्याने म्हटले असते, तर प्रसंग तेथेच फुटला असता. तो अक्षराला नाव ठेवतो, कारण या यानावर बोलण्याची रीतच तशी आहे, आणि लगेच पंपाची दुसरी बाजू धरतो. त्याच्या वाक्यात काय बदलले ते वाचकाला त्याच्या हातांवरून कळते. ‘मुलाची’ हा शब्द त्याने पुन्हा उच्चारला, एवढीच काय ती कबुली. आणि दाजी ती फॉर्मातल्या जागेवर ढकलतात. त्या जागी मी जाणूनबुजून एकच फेरा ठेवला आहे. दुसरा फेरा लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो टाळलाच पाहिजे.

सबनिसाची पालटही येथेच होते. त्याच्या नावापुढचा साहेब गेला आणि चहा कोठे आहे हे त्याला सांगितले गेले. टोळीत घेतल्याची घोषणा कोणी केलेली नाही. पण पुढे मुदतीच्या सोळा तासांतले पंधरा संपलेले असतील, तेव्हा वहीत पोचण्याची वेळ किती लिहायची, हा प्रश्न त्याच्यापुढे येणार आहे, आणि त्या प्रश्नाची तयारी या चहाच्या वाक्यात झाली आहे.

सहावा टप्पा: मसुदा तपासणे

लिहून झाल्यावर संवादांतील सगळी नावे हाताने झाकावीत आणि मोठ्याने वाचावे. संबोधने व बोलण्याची ढब यांवरून कोण बोलते हे ओळखू आले पाहिजे. दोन पात्रांची वाक्ये आपसांत बदलूनही काही बिघडत नसेल, तर त्यांपैकी एका पात्राचे त्या निर्णयाशी असलेले नाते अजून ठरलेले नाही असे समजावे. त्यावर विनोद वाढवणे हा उपाय नव्हे. तिसऱ्या टप्प्याकडे परत जाऊन त्या पात्राने त्या दिवशी बंदरात काय केले हे लिहून काढावे, मग ते कथेत येवो वा न येवो.

थट्टेचे प्रमाणही पाहावे. सगळेच सतत हजरजबाबी असतील, तर त्यांचे आवाज एकसारखे होतात आणि वाचक थकतो. घोरपडीवर सबनीस मुळीच विनोद करत नाही, आणि म्हणूनच त्याच्या एका कोरड्या वाक्याने प्रसंग फिरतो. चौघांत असा एक तरी न हसणारा माणूस ठेवावा.

शेवटी बिघाडाचा मान राखावा. बऱ्याच कथांत माणसांचे मनोमीलन झाले की इंजिन आपोआप सुरू होते, आणि वाचकाला फसवल्यासारखे वाटते. दाजींचा जळालेला पंप त्या रात्री चालू होता कामा नये. त्यातून निघालेले दोन भाग उरलेल्या पंपाला लावून तो आणखी आठवडाभर तग धरेल, एवढेच साधावे. खोल्या बेचाळीस अंशांवरच राहाव्यात, व्याज चालूच राहावे, आणि बाराव्या दिवशी बंदर दिसू लागेल तेव्हा सबनिसाच्या वहीत वेळेचा रकाना अजून कोरा असावा.